नडगी दुखावली आणि धावणं थांबलं: पाण्यात धावून दम टिकवण्याची रीत

जुलैच्या शेवटच्या रविवारी माझी मामेबहीण मिरामार ते दोनापावला या तिच्या नेहमीच्या रस्त्यावर १६ किलोमीटर धावायला निघाली आणि अर्ध्यातूनच चालत परत आली. उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर, एका बोटाने दाबलं तरी ती कळवळत होती. रात्री अंथरुणावर पडल्यावरही तिथे ठणका लागला होता. तिचं वय ३८. शाळेत शिकवते, आठवड्याला सुमारे ३६ किलोमीटर धावते आणि डिसेंबरात वास्कोला होणाऱ्या गोवा रिव्हर मॅरेथॉनमध्ये अर्धमॅरेथॉन पळायची तयारी करत होती. तीन आठवड्यांत तिने अंतर २२ वरून ३६ वर नेलं होतं, तेही झिजलेल्या बुटांवर आणि पावसात सगळं डांबरावरच.

एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. हाडाच्या अशा दुखापती सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाहीत. एमआरआय केल्यावर स्ट्रेस रिॲक्शन कळली. म्हणजे हाड मोडलेलं नव्हतं, पण सततच्या आदळण्याने आतून सुजलं होतं आणि तसंच धावत राहिली असती तर चीर जायची शक्यता होती. डॉक्टरांनी सहा आठवडे धावणं बंद सांगितलं. पाळी नियमित आहे का, जेवण पुरेसं आहे का, ‘ड’ जीवनसत्त्व किती आहे, हेही विचारलं. धावणाऱ्या बाईच्या हाडाला अशी दुखापत झाली की हे प्रश्न विचारायलाच हवेत. तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाहीत तर तुम्ही आपणहून काढा.

मला दोन वर्षांपूर्वी टाचेच्या शिरेने असंच बसवलं होतं. तेव्हा मी पाण्यात धावायला शिकलो होतो. यंदा तिला शिकवताना काठावर बसून तिची पावलं मोजली, नाडी मोजली आणि सगळं वहीत लिहून ठेवलं. पुढचं सगळं त्या वहीतलं आहे. नडगीच्या दुखापतीचा हा एकच दाखला मी सविस्तर देतो, कारण ॲक्वा जॉगिंगचा सगळ्यात स्पष्ट उपयोग तिथेच होतो.

पाण्यात नेमकं काय वाचतं

गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं तर पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण दहावा हिस्साच येतो. कमरेला तरंगता पट्टा बांधून खोल पाण्यात गेलं की पाय तळाला लागतच नाहीत, त्यामुळे आदळणं उरत नाही. नडगीला नको असतं ते हे आदळणंच. मात्र हृदय, फुफ्फुसं आणि मांड्यांचे स्नायू यांना काम मिळतं. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं, त्यामुळे पाय पुढे न्यायलाही जोर लागतो आणि मागे न्यायलाही.

हे कितपत चालतं याचं एक चांगलं उत्तर १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात आहे. ११ सरावलेल्या धावकांनी चार आठवडे जमिनीवरचं धावणं सोडून फक्त खोल पाण्यात धावण्याचा सराव केला. त्यानंतर त्यांची ५ किलोमीटरची वेळ पूर्वीएवढीच राहिली. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ते आठवड्याला पाच-सहा वेळा पाण्यात उतरत होते आणि त्यांच्या सरावात जोराचे तुकडे होते, म्हणजे थोडा वेळ जोर लावायचा, थोडं सैल सोडायचं आणि पुन्हा जोर लावायचा. नुसतं तरंगत पाय हलवून तो परिणाम मिळत नाही.

हाडाला आणि पोटरीच्या शिरेला मात्र पाण्यात काहीच सराव मिळत नाही, कारण त्यांना घट्ट ठेवतं ते आदळणंच. हा फरक परत धावायला लागाल तेव्हा महत्त्वाचा ठरतो. त्याकडे शेवटी येतो.

प्रत्येक दुखापतीला पाणी चालतं असंही नाही. नडगी, टाच, तळपाय, घोटा यांना सहसा चालतं. जांघेचा किंवा खुब्याच्या पुढचा स्नायू ताणला असेल तर पाण्याचा विरोध नेमका त्याच स्नायूवर येतो, तेव्हा थांबा. खुब्याच्या हाडाची स्ट्रेस दुखापत असेल तर डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय उतरू नका. ओली जखम, ताजे टाके किंवा कान वाहत असेल तर प्रश्नच नाही.

आधी खोली शोधा, मग पट्टा

गोव्यात पूल पुष्कळ आहेत, पण बहुतेक कामाचे नाहीत. हॉटेलांचे आणि इमारतींचे पूल चार-साडेचार फूट खोल असतात आणि तिथे पाय तळाला लागतो. किती खोली लागते त्याचा हिशेब सोपा आहे. पट्टा बांधल्यावर पाणी खांद्यांच्या वर, हनुवटीच्या खाली राहतं. तिची उंची ५ फूट ४ इंच. डोकं नऊ-दहा इंच वर राहतं, म्हणजे तळवा पाण्याखाली सुमारे साडेचार फुटांवर येतो. पावलाचं टोक खाली वळलं तर आणखी पाच-सहा इंच. म्हणून तिला साडेपाच फूट ही अगदी काठावरची खोली आणि सहा फूट म्हणजे निर्धास्त. तुम्ही सहा फुटी असाल तर साडेसहा धरा.

एवढी खोली स्पर्धांसाठी बांधलेल्या तलावांत मिळते. पणजीत कांपालचा तरणतलाव आहे, २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतलं पोहणं तिथेच झालं. तुमच्या जवळ जो तलाव असेल तिथे जाऊन दोन गोष्टी विचारा: खोल भाग किती फुटांचा आहे आणि पट्टा बांधून उभ्याने जायला एक कडेची लेन मिळेल का. लाईफगार्डला आधी नीट समजावून सांगा, नाहीतर उभ्याने पाय मारणारं माणूस बुडतंय असं वाटून तो उडी मारायच्या तयारीत राहतो. गर्दीच्या पाळीत पोहणारे मागून येऊन धडकतात, म्हणून सकाळची पहिली किंवा दुपारची रिकामी पाळी बरी.

समुद्राचा विचार सोडून द्या. पावसाळ्यात तर लाल बावटे लागलेले असतात, पण हिवाळ्यातल्या शांत पाण्यातही ओढ असते. लाट अंगाला झुकवते, तुमची लक्ष ठेवायची गोष्ट असते ती ढब आणि तीच तिथे सांभाळता येत नाही.

पट्टा ‘ॲक्वा जॉगिंग बेल्ट’ या नावाने मिळतो. फोमचा जाड पट्टा पाठीच्या बाजूला आणि पुढे बक्कल. तो बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या जरा वर बांधायचा. कोरड्या अंगावर घट्ट वाटला तरी पाण्यात उतरल्यावर सैल होतो आणि काखेकडे सरकतो. म्हणून पाण्यात उतरून पूर्ण श्वास सोडा आणि मग पुन्हा एकदा आवळा. दोन बोटं आत जातील एवढी जागा पुरे. छाती पाण्याबाहेर येत असेल तर पट्टा तुमच्या अंगाला जास्त तरंगता आहे, त्याचे फोमचे तुकडे काढता येत असतील तर एक काढा. पट्टा म्हणजे लाईफ जॅकेट नव्हे. पोहता येत नसेल तर पहिले काही दिवस प्रशिक्षक बरोबर असू द्या आणि काठापासून हातभर अंतरावरच राहा.

आणि दुखऱ्या पायाने उडी मारू नका. शिडीने उतरा, शिडीनेच वर या. काठाला किंवा तळाला पाय लावून ढकलूही नका, त्या एका ढकलण्यात नडगीवर जेवढा भार येतो तेवढा सबंध तासात येत नाही. माझ्या बहिणीचा सगळ्यात धोक्याचा क्षण पाण्यात आलाच नाही. कपडे बदलायच्या खोलीपासून शिडीपर्यंतच्या ओल्या फरशीवर ती घसरता घसरता वाचली. दुसऱ्या दिवसापासून रबरी तळाच्या चपला आम्ही काठावर शिडीच्या तोंडाशी ठेवायला लागलो.

ढब

पहिल्या दिवशी पाच मिनिटांनी तिने विचारलं, “दादा, मी धावतेय की नुसती लटकतेय?” ती लटकतच होती. खुर्चीवर बसावं तशी कमरेत वाकून, गुडघे पुढे घेऊन सायकल चालवत होती. नव्या माणसाचं जवळजवळ हमखास हेच होतं, कारण पाणी गुडघे आपोआप वर तरंगवतं आणि पाय मागे ओढण्यापेक्षा बसून राहणं सोपं जातं.

ते असं सोडवा. आधी काहीही न हलवता पाण्यात सरळ लोंबकळत राहा. कान, खांदा, खुबा, घोटा एका रेषेत. मग ती अख्खी रेषा घोट्यापासून किंचित पुढे झुकवा, घड्याळाचा काटा बारावरून जेमतेम एक मिनिट पुढे जावा एवढीच. कमरेत वाकायचं नाही. डोळे समोरच्या काठावर, हनुवटी खाली. पाणी तोंडाला लागेल या भीतीने मान वर ताणली जाते आणि दुसऱ्या दिवशी खांदे धरतात, तेव्हा ओठांना पाणी लागलं तरी लागू द्या.

आता पाय. गुडघा वर घ्या, पण मांडी आडवी होईपर्यंत नाही, त्याच्या थोडं आधीच थांबा. पावलाचा पुढचा भाग वर उचललेला ठेवा. मग सगळा पाय खाली आणि मागे दाबत न्या, जणू पायाखालची जमीन मागे सारताय. पाय खुब्याच्या मागे गेला पाहिजे आणि तिथे पार्श्वभागाचा स्नायू आवळलेला जाणवला पाहिजे. तो जाणवत नसेल तर तुम्ही सायकलच चालवताय. मी तिला एवढंच सांगत राहिलो की टाच मागच्या काठाला दाखव. तिला बाकी सगळ्या सूचनांपेक्षा हे वाक्य लागू पडलं.

हात धावताना चालतात तसेच. कोपरात काटकोन, मूठ सैल, अंगठा वर, हात पाण्याच्या पृष्ठभागाखाली खुब्यापासून छातीपर्यंत. ओंजळ करून पाणी मागे लोटलंत तर हात पोहायला लागतात आणि पायांचं काम कमी होतं. तपासायची सोपी खूण म्हणजे तुम्ही किती वेगाने पुढे सरकता. नीट उभ्याने धावणारा माणूस अगदी सावकाश सरकतो. २५ मीटर तुम्ही पोहणाऱ्याच्या जवळपास वेगाने कापत असाल तर अंग आडवं झालंय किंवा हात वल्ही मारताहेत. इथे अंतराला काही अर्थ नाही, म्हणून लेनच्या फेऱ्या मोजू नका. फक्त वेळ मोजा.

दुखापत हाडाची असेल तर पाण्यातला नियम कडक ठेवा: दुखऱ्या जागी शून्य वेदना. थोडंसं दुखतंय, चालेल, असं नाही. पाऊल टोकदार खाली ताणलं की पोटरीत गोळे येतात, ते निराळं. पाऊल वर उचलून धरलं की जातात. पहिल्या आठवड्यात खुब्याच्या पुढच्या बाजूला आणि पोटाला थकवा वाटतो, तोही नवा व्यायाम म्हणून. पण दाबल्यावर दुखणाऱ्या त्याच बोटभर जागी पाण्यात काही जाणवलं तर त्या दिवशी बाहेर या.

किती जोर, आणि घड्याळ का फसवतं

नवखे लोक इथेच चुकतात आणि दोन्ही बाजूंनी चुकतात. बहुतेक जण फार हळू करतात. माझ्या बहिणीने उलटं केलं.

रस्त्यावर टेम्पोच्या, म्हणजे एकसारख्या दमदार वेगाच्या धावेत तिची नाडी १६५ पर्यंत जायची. पाण्यातही तोच आकडा गाठायचा या हिशेबाने ती पहिल्याच दिवशी जोर लावत गेली. बाराव्या मिनिटाला धापा टाकत होती, पाय सायकलवर गेले होते आणि नाडी होती १५०. तिला वाटलं दम गेला. दम काही गेला नव्हता. गळ्यापर्यंत पाण्यात असताना पाण्याचा दाब पायांतलं रक्त छातीकडे ढकलतो. त्यामुळे हृदयात दर ठोक्याला जास्त रक्त येतं, जास्त बाहेर फेकलं जातं आणि तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. साधारण १० ते १५ ठोक्यांचा फरक पडतो. म्हणजे पाण्यातले तिचे १५० हेच रस्त्यावरचे १६०-१६५. शिवाय मनगटावरचं घड्याळ पाण्यात भरवशाचं नसतं, कारण त्याचा प्रकाश आणि कातडी यांच्यामध्ये पाणी शिरतं. एकदा ते तिला ९५ दाखवत होतं तेव्हा मी गळ्याजवळ बोटं ठेवून दहा सेकंद मोजले: २४ ठोके, म्हणजे १४४.

म्हणून आम्ही जोराच्या पाच पायऱ्या ठरवल्या आणि तोंडाच्या बोलण्यावरून ओळखल्या. पहिल्या पायरीवर गाणं म्हणता येतं. दुसऱ्या पायरीवर पूर्ण वाक्यं बोलता येतात, ही लांब धावेची चाल. तिसरीवर चार-पाच शब्दांनी श्वास घ्यावा लागतो, हा टेम्पो. चौथीवर एखाददुसरा शब्द निघतो. पाचवीवर बोलायची इच्छाच नसते आणि मिनिटाच्या आत थांबावं लागतं. पावलांचा हिशेबही सोबतीला ठेवा. ३० सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. तिला दुसऱ्या पायरीवर ३० च्या आसपास यायचे, चौथीवर ३९-४०. रस्त्यावर तिचे ४२-४३ असतात, पण पाण्याच्या विरोधामुळे तो आकडा इथे सहज मिळत नाही आणि मिळवायच्या नादात पावलं आखूड होतात. आकडा वाढला पण टाच मागे जाईनाशी झाली, तर तो वाढलेला आकडा धरू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे विश्रांती छोटी ठेवायची. पाण्यात आदळणं नाही, उष्णता लवकर निघते, म्हणून माणूस चटकन सावरतो. रस्त्यावर एका मिनिटाच्या जोरानंतर एक मिनिट थांबत असाल तर इथे ३० सेकंद पुरे. नाहीतर नाडी खाली जाते आणि सगळा सराव दुसऱ्या पायरीवरच होऊन जातो.

तिचे आठवडे, जसे झाले तसे

दुखापतीनंतर दहा दिवस तिने काहीच केलं नाही. घरात चालताना दुखणं थांबलं, डॉक्टरांनी होकार दिला आणि अकराव्या दिवशी ती पाण्यात उतरली. वेळेचा नियम सोपा होता: जेवढी मिनिटं धावायची तेवढीच मिनिटं पाण्यात. पण एकदम नव्हे.

पहिल्या आठवड्यात तीन दिवस, २५ ते ३० मिनिटं, पहिल्या-दुसऱ्या पायरीवर. हे दिवस फक्त ढब बसवण्याचे. दर पाच मिनिटांनी ती ३० सेकंद नुसती लोंबकळून अंगाची रेषा पुन्हा लावायची. दुसऱ्या आठवड्यात चार दिवस, ३५ ते ४० मिनिटं, त्यातल्या एका दिवशी एक-एक मिनिटाचे आठ तुकडे तिसऱ्या पायरीवर.

तिसऱ्या आठवड्यापासून तिचा जमिनीवरचा आठवडा जसाच्या तसा पाण्यात आला. मंगळवारी ४५ मिनिटं सहज. गुरुवारी टेम्पोच्या जागी १० मिनिटं हळू, मग पाच-पाच मिनिटांचे चार तुकडे तिसऱ्या पायरीवर, मध्ये एक मिनिट सैल, शेवटी पाच मिनिटं हळू. शनिवारी एक-एक मिनिटाचे बारा तुकडे चौथ्या पायरीवर, मध्ये ३० सेकंद. रविवारी लांब धावेऐवजी ६० ते ७० मिनिटं. पावणेदोन तास पाण्यात कोणी राहू नये असं माझं मत आहे. मन आधी कंटाळतं, मग ढब बिघडते आणि बिघडलेल्या ढबीत काढलेल्या वेळाचा उपयोग नसतो. लांब दिवस आम्ही १-२-३-४-५-४-३-२-१ मिनिटं असा चढता-उतरता करायचो, प्रत्येकामध्ये मिनिटभर हळू. मोजण्यात लक्ष गुंतलं की तास सरतो. तुमच्या तलावाची पाळी पाऊण तासाची असेल तर सहज भाग कमी करा, जोराचे तुकडे ठेवा.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी चवथ आली. तलाव बंद आणि ती सत्तरीला मूळ घरी. पाच दिवस नेवऱ्या तळण्यात आणि आरत्यांत गेले. फोनवर तिचा जीव वर-खाली होत होता. पण दम पाच दिवसांत उतरत नाही. लक्षात येण्याजोगी घसरण काहीच न करता साधारण दोन आठवडे गेल्यावर सुरू होते. परतल्यावर पहिला दिवस सहज, दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांचे तुकडे, आणि पावलांचा आकडा तोच होता.

घामाचं मात्र जपा. पाण्यात घाम येतो पण दिसत नाही आणि आपल्याकडचं पाणी कोमट असतं, एप्रिल-मेमध्ये तर उघड्यावरचा तलाव चांगलाच तापतो. तिने एका रविवारी बाटली नेली नाही आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसली. तेव्हापासून काठावर बाटली आणि घरी गेल्यावर मीठ घातलेलं कोकमाचं सरबत. उन्हाच्या दिवसांत दुपार टाळा. पावसाळ्यात गडगडाट ऐकू आला की लगेच बाहेर या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उतरू नका. तुकडा अर्धा राहिला तरी.

परत रस्त्यावर

आता सुरुवातीला बाजूला ठेवलेली गोष्ट. सहा आठवड्यांनी तिचा श्वास पाच किलोमीटरला तयार होता आणि नडगी पाचशे मीटरला. पाण्यात नीट सराव केलेल्या माणसाला हा धोका जास्त असतो, कारण धाप लागत नाही आणि वेग आपोआप वाढतो. नुसतं घरी बसलेल्या माणसाला निदान दम अडवतो.

म्हणून पहिलं पाऊल टाकण्याआधी आम्ही तीन गोष्टी पाहिल्या. बोटाने दाबून त्या जागी दुखत नाही. ४५ मिनिटं भरभर चालून, त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळीही, दुखत नाही. दुखऱ्या पायावर जागच्या जागी दहा लंगडी उड्या मारून दुखत नाही. तिसरी चाचणी पहिल्या दोन झाल्याशिवाय करायची नाही. मग डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांनी परवानगी दिली.

पहिली धाव होती एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं, असं पाच वेळा. एकूण धावणं पाच मिनिटं. ती थोडी रडवेली झाली, कारण आदल्याच दिवशी तिने पाण्यात बारा तुकडे काढले होते. एक दिवसाआड हेच, दोन वेळा दुखल्याशिवाय झालं की पुढची पायरी: दोन मिनिटं धावणं, तीन चालणं. मग तीन आणि दोन, मग चार आणि एक. सगळं सपाट, शक्य तेवढ्या मऊ जमिनीवर. मिरामारची वाळू मऊ दिसते म्हणून लोक तिकडे वळतात, पण पुळण समुद्राकडे उतरती असते आणि उतारावर एका पायाची नडगी जास्त वळते. या काळात ती टाळा. तिने एका शाळेचं मातीचं मैदान धरलं.

जोराचं सगळं काम या चार आठवड्यांत पाण्यातच ठेवलं. जमिनीवर फक्त सावकाश. धावण्याच्या दिवशी दुखलं नाही तरी निकाल दुसऱ्या सकाळी घ्यायचा, अंथरुणातून उठून पहिली दहा पावलं टाकताना. तिसऱ्या आठवड्यात, तीन मिनिटांच्या पायरीवर, एका सकाळी त्या जागी हलकं दुखलं. आम्ही दोन दिवस फक्त पाणी ठेवलं आणि एक पायरी मागे गेलो. आठवड्याने ती पुन्हा तिथेच पोचली, या वेळी न दुखता.

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती सलग २५ मिनिटं धावू लागली. अर्धमॅरेथॉनची नोंदणी तिने दहा किलोमीटरला बदलून घेतली आणि ते अंतर डिसेंबरात न थांबता पूर्ण केलं. आता तिच्या आठवड्यात तीन धावा आहेत आणि गुरुवारचा टेम्पो अजून पाण्यातच आहे, पट्टा आवळून, पाच-पाच मिनिटांचे चार तुकडे.